व्हिडिओ दिसतो पण आवाज येत नाही: क्रोममध्ये एका साइटपुरती परवानगी कशी द्यायची?

प्रश्न: आईच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये एका देवस्थानाच्या लाइव्ह दर्शनाचं पान बुकमार्क करून दिलंय. बुकमार्क दाबला की व्हिडिओ सुरू होतो, पण आवाज बंद. साइटच्या मुखपृष्ठावरून त्या पानावर गेलं तर मात्र आवाज येतो. यूट्यूबवर असं कधीच होत नाही. लॅपटॉपचा आवाज फुल आहे. सकाळी सकाळी मला रोज फोन येतो. काय करू?

उत्तर:

लॅपटॉप ठीक आहे आणि आईंचंही काही चुकत नाहीये. मुखपृष्ठावरून गेलं की आवाज येतो, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. रोग त्यावरूनच कळला.

क्रोमने एप्रिल 2018 मध्ये, 66 व्या आवृत्तीपासून, एक नियम लावला: माणसाने साइटवर काहीतरी केल्याशिवाय व्हिडिओने आपणहून आवाज करायचा नाही. काहीतरी म्हणजे एखादा क्लिक किंवा टॅप. बिनआवाजाचा व्हिडिओ मात्र केव्हाही सुरू होऊ शकतो. मुखपृष्ठावर लिंक दाबली की तो क्लिक त्या साइटच्या खात्यावर जमा होतो आणि त्याच साइटच्या पुढच्या पानापर्यंत सोबत जातो. बुकमार्क हा ब्राउझरचा, साइटचा नव्हे. त्यावरचा क्लिक साइटच्या खात्यावर धरला जात नाही.

आता एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्हिडिओ ब्राउझर मुका करत नाही, साइट स्वतःच करते. ब्राउझर फक्त ‘आवाजासकट चालवणार नाही’ एवढंच सांगतो. मग साइटवाले अशी पळवाट ठेवतात:

```
video.play().catch(() => {
  video.muted = true;
  video.play();
});
```

म्हणजे आधी आवाजासकट चालवून बघ, नकार आला तर आवाज बंद करून चालव. मी स्वतः साइट बनवतो आणि या चार ओळी मीही कितीदा तरी लिहिल्यात. काळी चौकट दिसण्यापेक्षा मुका व्हिडिओ बरा, असा आमचा हिशोब. ‘आवाजासाठी इथे दाबा’ असं मोठ्या अक्षरांत लिहायचा आळस करतो, तो भाग वेगळा.

यूट्यूबला सूट मिळते ती ओळखीमुळे. डेस्कटॉपवरचं क्रोम प्रत्येक साइटचा एक गुणांक ठेवतं: त्या साइटवर तुम्ही किती वेळा गेलात आणि त्यातल्या किती वेळा खरोखर आवाजासकट काही पाहिलंत. पाहिलं असं धरायला व्हिडिओ सात सेकंदांहून जास्त चालावा लागतो, आवाज सुरू असावा लागतो आणि तो टॅब समोर असावा लागतो. कमीत कमी 20 भेटी झाल्या आणि गुणांक 0.3 च्या वर गेला, की त्या साइटला क्लिकशिवाय आवाज करता येतो. समजा आई 24 वेळा त्या पानावर गेल्या आणि त्यातल्या पाचच वेळा आवाज सुरू करून बसल्या, बाकी दिवस नुसता नमस्कार करून पान बंद केलं. 5 भागिले 24 म्हणजे 0.21, म्हणून सूट नाही. आठ वेळा आवाज लावला असता तर 0.33 झाला असता आणि तुमचा फोन आपोआप थांबला असता. खरा आकडा बघायचा असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये हे टाइप करा:

```
chrome://media-engagement
```

रोज आवाज लावूनही तिथे साइट शून्यावरच दिसली, तर कुणीतरी ब्राउझिंग हिस्टरी पुसतंय. हिस्टरीबरोबर ही ओळखही पुसली जाते. इनकॉग्निटोमध्येही आधीची ओळख कामी येत नाही.

पण गुणांक वाढायची वाट बघायची गरज नाही. दर्शनाचं पान उघडा. पत्त्याच्या डाव्या बाजूला दोन सरकपट्ट्यांसारखं चिन्ह आहे (2023 पूर्वी तिथे कुलूप असायचं). ते दाबून Site settings मध्ये जा. परवानग्यांच्या लांबलचक यादीत Sound शोधा. तिथे Automatic (default) असं असेल, ते Allow करा. मग त्या पानावर परत येऊन ते रिलोड करा.

माणूस इथेच फसतो. Automatic वाचून वाटतं आवाज चालूच आहे, आणखी काय करायचं? पण Automatic म्हणजे ‘वरचा नियम लावा’, आणि Allow म्हणजे ‘या साइटला नियम माफ’. तिथे Mute दिसलं तर कधीतरी टॅबवर राइट क्लिक करून चुकून Mute site दाबलं गेलंय. ते त्या टॅबपुरतं नसतं, पुढे कायम त्या साइटला चिकटून राहतं. तशा वेळी मुखपृष्ठावरून जाऊनही आवाज आला नसता, त्यामुळे तुमच्याकडे ते नसावं.

बदल केल्यावर तपासायचं ते असं: क्रोम पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा, पानावर कुठेही हात न लावता थेट बुकमार्क दाबा. आधी इकडेतिकडे क्लिक केलंत तर आवाज Allow मुळे आला की क्लिकमुळे, हे कळणार नाही.

Allow करूनही कधी उपयोग होत नाही, त्याची दोन कारणं माझ्या पाहण्यात आहेत. एक, साइटने व्हिडिओला मुळातच muted लिहून ठेवलेलं असतं. परवानगी मागितलीच नाही तर तुम्ही देऊन काय होणार? पण मग मुखपृष्ठावरून गेल्यावरही व्हिडिओ मुकाच राहतो, म्हणून तुमच्याबाबतीत हे कारण मी बाद करतो. दुसरं, व्हिडिओ भलत्याच साइटवरून आणून पानात चौकट करून बसवलेला असतो आणि पान बनवणाऱ्याने त्या चौकटीला allow="autoplay" दिलेलं नसतं. तशा पानावर आजूबाजूला कितीही दाबा, क्लिक त्या चौकटीच्या आतच व्हावा लागतो.

आई कधी फायरफॉक्स वापरत असतील तर तिथली गंमत जरा वेगळी. तिथे अडवणूक झाली की पत्त्याच्या डावीकडे काट मारलेलं प्लेचं चिन्ह येतं. ते दाबून Block Audio चं Allow Audio and Video करायचं. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, काहीतरी अडवलंय हे निदान दिसतं तरी. सफारीत ते पान उघडं ठेवून मेनूतून त्या वेबसाइटच्या सेटिंग्ज उघडा आणि Auto-Play समोर Allow All Auto-Play निवडा.

फोनवरच्या क्रोममध्ये गुणांकाचा हा प्रकार नाही. तिथे साइट होमस्क्रीनवर टाकून त्या आयकॉनवरून उघडली तर सूट मिळते.

आणि सगळ्या साइट्सना सरसकट मोकळीक देण्याच्या फंदात पडू नका. एका देवस्थानाची घंटा ऐकायची म्हणून प्रत्येक बातमीच्या पानावरची जाहिरात ओरडायला लागली, तर आईंचा दुसरा फोन त्यासाठी येईल.