एक बार भरला, म्हणजे सगळं संपलं का?

*"वय ३८, यंत्रमागावर रात्रपाळी. पंधरा वर्षांची चुना-तंबाखू सोडून सहा आठवडे झाले होते. परवा मेव्हण्याच्या लग्नात जेवण झाल्यावर पाव्हण्यांनी मळून हातावर ठेवली, मी बार भरला. वाटलं, आता मोडलंच आहे. काल पुडी घेतली, दोन बार झाले. पुडी अजून खिशात आहे. बायकोला सांगितलेलं नाही. परत पहिल्यापासून सुरुवात करायची का? आपल्याच्यानं होणार नाही असं वाटतंय." – एक वाचक, इचलकरंजी*

दादा, पुढचं वाचण्याआधी ती पुडी फाडून ओल्या कचऱ्यात टाका. चुन्याची डबी असेल तर तीही टाका. शेजारच्या मागावरच्या माणसाला देऊ नका, कारण रात्री तीन वाजता ती हाताच्या अंतरावरच असेल.

लग्नातला बार आणि कालची पुडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बार ही घसरण होती. पुडी विकत घ्यायला लावली ती 'आता मोडलंच आहे' या विचारानं. ॲलन मार्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात नेमका हाच टप्पा मांडला. व्रत मोडलं म्हणून माणूस स्वतःला दोष देतो, त्या अपराधीपणानं जीव कासावीस होतो आणि तो शमवायला हात पुन्हा त्याच वस्तूकडे जातो. म्हणून तुम्ही कमकुवत आहात असा निष्कर्ष काढू नका. सोडणाऱ्या बहुतेकांना एकापेक्षा जास्त प्रयत्न लागतात.

सहा आठवड्यांनंतरही असं का झालं? निकोटिन बंद झाल्यावरची चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठ हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तो टप्पा तुम्ही पार केलाय, दोन दिवसांच्या तंबाखूनं ते पुसलं जात नाही. पण जेवण झालं की बार, चहा झाला की बार, हे पंधरा वर्षांत पक्कं बसलेलं असतं. तो प्रसंग समोर आला की तलफ एकदम उसळते. त्यात तंबाखूला चुना लावला की निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून फार वेगानं शोषलं जातं, म्हणून एकच बार इतका जोरात चढतो.

आता आज रात्रीचं बोलू. पाळीला जाण्याआधी बायकोला सांगा: "लग्नात खाल्ली, काल पुडी घेतली, आज टाकली." लपवलेली घसरणच लांबते. मग वहीत त्या बाराची नोंद करा: किती वाजता, कोण सोबत होतं, पोटात काय होतं, आदल्या रात्री किती झोप झाली, दारू होती का. तुमच्या पत्रावरून दोन धागे दिसतात, जेवणानंतरची वेळ आणि हातावर आयती आलेली तंबाखू. पुढच्या कार्यक्रमात शेवटचा घास संपताच उठून चूळ भरा, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका आणि पाव्हण्यांना आधीच सांगून ठेवा. तलफ बहुधा पाच-दहा मिनिटांत उतरते, तेवढा वेळ तिथून बाजूला व्हा. सुपारी मात्र पर्याय म्हणून नको. तिचंही व्यसन लागतं आणि तिनंही तोंडाचा कॅन्सर होतो.

रात्रपाळीसाठी औषधाच्या दुकानातून २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम घ्या. लोक ते साध्या च्युइंगमसारखं भराभर चावतात, मग उचक्या लागतात, जळजळ होते आणि 'गमचा उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. ते हळू चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं. असं अर्धा तास. चहा घेतला असेल तर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत बार लागणारे असाल, तर २ मिलिग्रॅम अपुरं पडू शकतं. अशा वेळी, आणि हृदयाचा त्रास असेल तर सुरुवातीलाच, डॉक्टरांना विचारा.

मोजणी शून्यावर आणू नका. सहा आठवडे, मग दोन दिवस, मग आजपासून पुढे, असं वहीत लिहा. एखादा बार पुन्हा झाला तर त्याच तासात थुंकून, चूळ भरून नोंद करा. पुडी स्वतः विकत घेणं, लपवणं किंवा लागोपाठ तिसऱ्या दिवशी खाणं, यांतलं काहीही झालं तर एकट्यानं झगडत बसू नका. आठवड्याच्या आतली सोडण्याची तारीख ठरवा आणि १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. फोन मोफत आहे. समुपदेशक तुमच्यासोबत तारीख ठरवतात.