समारोपात वेगळं काय लिहू?

"मॅडम, टेस्ट सिरीजच्या प्रत्येक पेपरवर एकच शेरा येतो: 'समारोप म्हणजे प्रस्तावनेचीच पुनरावृत्ती.' मुद्दे तर मधे सगळे लिहून झालेले असतात. मग शेवटी वेगळं काय लिहायचं? काही नवीन लिहिलं की म्हणतात, विषयांतर झालं."

ही मुलगी लातूरकडची. राज्यसेवेच्या वर्णनात्मक मुख्य परीक्षेची तयारी करत होती. अभ्यास पक्का, अक्षर सुरेख, वेळेत पेपर पूर्ण. मी तिला म्हटलं, शेरे मला सांगू नकोस, तपासलेला एखादा पेपर घेऊन ये. दुसऱ्या दिवशी ती चार पेपर घेऊन आली. त्यातलं एकच उत्तर आम्ही दोन तास घेऊन बसलो. प्रश्न होता: "महाराष्ट्रातील रोजगार हमी योजना ही १९७२ च्या दुष्काळाची देन होती, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात?" पंधरा गुण, अडीचशे शब्द.

तिची प्रस्तावना अशी होती: "१९७२ चा दुष्काळ हा महाराष्ट्राच्या इतिहासातील एक भीषण दुष्काळ होता. या काळात ग्रामीण जनतेच्या हाताला काम देण्यासाठी शासनाने रोजगार हमी योजना सुरू केली. ही योजना पुढे देशासाठी दिशादर्शक ठरली."

आणि हा समारोप: "अशा प्रकारे १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर सुरू झालेली रोजगार हमी योजना ग्रामीण जनतेसाठी वरदान ठरली व संपूर्ण देशाला दिशादर्शक ठरली, असे म्हणता येईल."

मी तिला दोन्ही परिच्छेदांची अदलाबदल करून वाचायला सांगितलं. "अशा प्रकारे" एवढं काढलं की समारोप वर चपखल बसत होता, आणि प्रस्तावना खाली. काहीच बिघडलं नाही. ती हसली, पण जरा ओशाळून. मी विचारलं, समारोप लिहिताना तुझी नजर कुठे असते? म्हणाली, "वर. प्रस्तावनेत काय लिहिलंय ते बघते आणि तेच जरा वेगळ्या शब्दांत लिहिते. शाळेत निबंधाला असंच शिकवलं होतं."

खरा दोष समारोपात नव्हताच. तिची प्रस्तावना प्रश्नाचं उत्तर ठरण्याआधी लिहिली गेली होती. विषय बघितला, त्यावरची पाठ असलेली तीन वाक्यं उतरवली. मधला भाग मात्र तिने विचार करून लिहिला होता, आणि तो प्रस्तावनेच्या चक्क विरोधात जात होता. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये झालेला रोजगार हमीचा प्रयोग तिने लिहिला होता. योजना मे १९७२ मध्ये सुरू झाली, हेही होतं. मग दुष्काळातली कामं, जिथे १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं राबत होती. ही कामं टंचाई निवारणाची होती आणि या काळात हमी योजना बाजूला पडली होती, हा बारकावासुद्धा तिने टिपला होता. पुढे योजनेच्या खर्चासाठी १९७५ चा व्यवसाय कर, १९७७ चा कायदा आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी. इतका चांगला मजकूर मधे पडलेला, आणि समारोप लिहिताना बाई त्याच्यावरून उडी मारून थेट पहिल्या परिच्छेदात!

मी प्रस्तावनेवर आणि समारोपावर एकेक वही ठेवली. आता फक्त प्रश्न आणि मधला भाग दिसत होता. म्हटलं, हे वाच आणि मला तोंडी सांग, सहमत आहेस का?

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पूर्ण नाही म्हणता येणार, मॅडम. पागेंनी तर आधीच करून बघितलं होतं. योजना पण पावसाळ्याच्या आधीच आलेली. पण दुष्काळ पडला नसता तर एवढं मोठं झालं नसतं."

तिचं बोलणं मी जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं. कागद तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, हा तुझा समारोप. तिला ते पटेना. "पण हे तर सगळं मधे आलंय की. मग हीपण पुनरावृत्तीच ना?"

शंका रास्त होती, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. मधे तिने पागेंचा प्रयोग लिहिला तेव्हा ती माहिती होती. "म्हणून पूर्ण नाही म्हणता येणार" हे वाक्य तिच्या अडीचशे शब्दांत कुठेच नव्हतं. प्रश्नात 'कितपत' आहे. त्या शब्दाला मोजून उत्तर द्यायचं, तर मधल्या मुद्द्यांपैकी कोणता विधानाच्या बाजूने उभा राहतो, कोणता विरुद्ध आणि पारडं कुठे झुकतं, हे सांगावं लागतं. मुद्दे तेच, पण त्यांचं वजन पहिल्यांदाच केलं जातं. समारोपात नवं असायला हवं ते एवढंच.

त्या रात्री तिने नवा समारोप लिहून फोटो पाठवला: "राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने हा हक्क देशभर पोहोचवला. आज गरज आहे ती पारदर्शक अंमलबजावणीची. तरीही १९७२ चा दुष्काळ पडला नसता तर रोजगार हमीचा कायदा झालाच नसता, हे निश्चित."

आता लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता. प्रस्तावनेची नक्कल गेली, पण पहिली तीन वाक्यं खरी असूनही या प्रश्नाला लागू नव्हती. 'आज गरज आहे' हे वाक्य क्लासमधल्या नोट्समधून येतं आणि कुठल्याही योजनेच्या शेवटी चिकटतं. धोरणाबद्दल 'उपाय सुचवा' असं विचारलं असेल तर ते हवं. इथे विचारलं होतं योजनेच्या जन्माबद्दल. कलम ४१ तर मधल्या भागात कुठेच नव्हतं. परीक्षकाला विषयांतर वाटतं ते अशा वेळी. ज्याला वर आधार नाही, ते शेवटी अचानक टपकतं.

चौथं वाक्य मात्र वेगळ्या कारणाने अडलं. मी विचारलं, कायदा झालाच नसता, हे तुझ्या उत्तरातल्या कशावरून? तिने मधला भाग परत वाचला. दुष्काळ आधी, कायदा नंतर, एवढंच तिथे होतं. नंतर झालं म्हणजे त्याच्यामुळेच झालं, असं होत नाही. दुष्काळाचा वाटा मोठा होता, हे म्हणायला तिच्याकडे आधार होता. एवढ्या माणसांना एकाच वेळी काम देता येतं, हे सरकारी यंत्रणेने त्या काळात प्रत्यक्ष करून पाहिलं होतं. 'झालाच नसता' म्हणायला मात्र काहीच नव्हतं. तिला म्हटलं, 'निश्चित' लिहायच्या आधी त्या शब्दावर बोट ठेव आणि वर बघ, आधार सापडतो का. नाही सापडला तर शब्द सौम्य कर.

मग तिनेच एक मुद्दा काढला. "मॅडम, १९७२ च्या आधीच्या वर्षीही पाऊस कमीच होता ना कितीतरी ठिकाणी? मग मे मधली घोषणा दुष्काळाच्या आधीची कशी म्हणायची?" मला फार बरं वाटलं. प्रश्नातल्या '१९७२ चा दुष्काळ' या शब्दांना कुठे सीमा आहे, हे तिला दिसायला लागलं होतं. आम्ही ठरवलं की समारोपात 'दुष्काळाआधीची' असं मोघम लिहायचं नाही, '१९७२ चा पावसाळा कोरडा जाण्याआधीची' असं लिहायचं. परीक्षक भांडायला आला तरी हे वाक्य टिकतं.

तिसऱ्या खेपेचा समारोप असा झाला:

"योजनेची कल्पना ही १९७२ च्या दुष्काळाची देन नव्हती, तासगावचा प्रयोग आणि मे १९७२ मधील सुरुवात, दोन्ही त्या वर्षीचा पावसाळा कोरडा जाण्याआधीच्या आहेत. मात्र लाखो लोकांना एकाच वेळी काम पुरवण्याचा अनुभव दुष्काळाने दिला आणि १९७७ च्या कायद्याकडे जाण्यात त्याचा मोठा वाटा होता. म्हणून हे विधान योजनेच्या उगमाबाबत अमान्य, तर तिच्या विस्ताराबाबत बऱ्याच अंशी मान्य करावे लागते."

साठेक शब्द झाले. अडीचशे शब्दांच्या उत्तराला जरा जास्तच. चाळीसपर्यंत आणला तर छान. पण हा परिच्छेद उचलून प्रस्तावनेच्या जागी ठेवला तर वाचणारा गोंधळतो. तासगावचा कसला प्रयोग? कुठला कायदा? मधला भाग वाचल्याशिवाय तो कळतच नाही. आधीचा समारोप कुठेही बसत होता.

आता राहिली प्रस्तावना. ती अजून म्हणत होती की दुष्काळात काम देण्यासाठी योजना सुरू केली, आणि समारोप म्हणत होता की तसं नाही. एकाच उत्तरात दोन तोंडं. घरी बसून दुरुस्त करता येतं, पण परीक्षेत एका उत्तराला नऊ-दहा मिनिटं मिळतात आणि मागे जाऊन परिच्छेद बदलता येत नाही. म्हणून क्रम उलटा केला. प्रश्न वाचला की आधी कच्च्या कामाच्या जागेत, मैत्रिणीला सांगावं तशा भाषेत, एका ओळीचं उत्तर खरडायचं: "उगम नाही, विस्तार हो." मग प्रस्तावना. तिच्यात निकाल सांगायचा नाही, फक्त वाद कशाचा आहे ते मांडायचं: योजना आणि दुष्काळ काळाने जवळ आहेत, पण त्यांचं नातं तपासायला हवं. याला अर्धं-पाऊण मिनिट जातं. पहिले काही दिवस ती कुरकुरली की तेवढ्यात एक मुद्दा जास्त लिहून झाला असता.

आणखी एक गोष्ट तिला मुद्दाम बजावली, कारण नवीन युक्ती हाती आली की ती सगळीकडे चालवायचा मोह होतो. 'टीप लिहा' किंवा 'तरतुदी स्पष्ट करा' अशा प्रश्नांत कोणी मत विचारलेलं नसतं. तिथे ओढूनताणून निकाल द्यायला गेलं की फसतं. सांगायचं ते सांगून झालं की थांबावं. दोन-चार गुणांच्या प्रश्नाला तर समारोप नसला तरी बिघडत नाही. 'कितपत', 'मूल्यमापन करा', 'चिकित्सा करा', 'सहमत आहात का' असे शब्द आले की मात्र शेवटच्या वाक्यात त्या शब्दाचं उत्तर सापडलंच पाहिजे.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. या वेळी प्रश्न होता, हरितक्रांतीचा लाभ केवळ मोठ्या शेतकऱ्यांना झाला का. समारोपात तिने लिहिलं होतं की सुरुवातीला पाणी आणि भांडवल असलेल्यांना जास्त, नंतर लहान शेतकऱ्यांनाही, पण कोरडवाहू भागाला कमीच. मी प्रस्तावना बघितली. तिथे एका ओळीत तिने आधी लिहिलं होतं, "याचा लाभ केवळ बड्या शेतकऱ्यांना झाला." त्यातल्या 'केवळ' वर पेनाने एक सरळ रेघ मारलेली होती आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रथम'.