‘अ‍ॅव्हरेज क्लॉज’मधली सरासरी कशाची?

प्रश्न: “इमारतीचा विमा 60 लाखांचा, आगीत नुकसान 20 लाखांचं. नुकसान विम्याच्या आतच आहे, तरी कंपनी ‘अ‍ॅव्हरेज क्लॉज’ सांगून 12 लाखच देतेय. 20 आणि 60 ची सरासरी तर 40 येते! मग ही सरासरी कशाची काढली?”

सरासरी कशाचीच काढलेली नाही. घोळ त्या शब्दानेच घातला आहे. ‘अ‍ॅव्हरेज’चा गणितातला अर्थ नंतरचा, विम्यातला त्याच्या आधीचा. बहुतेक कोशकार या शब्दाचं मूळ अरबी ‘अवार’पर्यंत नेतात. अवार म्हणजे मालातला दोष, खराबी. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून तो इटालियनमध्ये ‘अवारिया’ झाला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात टाकावा लागला, तर तो तोटा एकट्या मालकावर न टाकता जहाज आणि वाचलेला माल यांच्या मालकांनीही ज्याच्या-त्याच्या किमतीच्या प्रमाणात सोसायचा, अशी रीत होती. त्या वाटणीला अ‍ॅव्हरेज म्हणू लागले. गणितातली सरासरी या समान वाटणीच्या कल्पनेतून पुढे आली.

म्हणून ‘सरासरीचं कलम’ हे भाषांतर मला सरळ चुकीचं वाटतं. मराठी दस्तांमध्ये ‘हिस्सेरशीने’ असा शब्द येतो, म्हणजे ज्याच्या-त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात. ‘हिस्सेरशीचं कलम’ म्हटलं असतं तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता.

आता ही वाटणी कोणाकोणात? कंपनी आणि तुम्ही. कलमाचा आशय असा असतो: आगीच्या वेळी मालमत्तेची किंमत विमा रकमेपेक्षा जास्त निघाली, तर वरच्या फरकापुरते विमेदार स्वतःच आपले विमेकरी समजले जातील. 20 चे 12 झाले, त्याअर्थी सर्व्हेअरने इमारतीची किंमत 1 कोटी धरलेली असणार. त्यातल्या 60 लाखांची जोखीम कंपनीकडे आणि 40 लाखांची तुमच्याकडे. आग इमारतीच्या कोणत्याही कोपऱ्यात लागो, तोटा याच प्रमाणात वाटला जातो: 20 × 60 ÷ 100 = 12. उरलेले 8 लाख तुमच्या हिश्श्याचे.

हे जाचक वाटतं, पण हप्त्याकडे बघा. आगी बहुधा इमारतीचा एखादा भागच जाळतात. कलम नसतं, तर निम्म्या किमतीचा विमा उतरवणाऱ्याला निम्म्या हप्त्यात जवळजवळ प्रत्येक आगीची पूर्ण भरपाई मिळाली असती. इमारत संपूर्ण जळाली तर मात्र कलमाने वेगळी कपात होत नाही. 100 × 60 ÷ 100 म्हणजे 60, विमा रक्कम जशीच्या तशी.

तुम्ही खरं लक्ष घालायचं ते छेदात, त्या 1 कोटीत. त्यासाठी सर्व्हेअरचा अहवाल मागून घ्या आणि ही किंमत कशी काढली ते बघा. विमा बांधकामाचा आहे. जमीन जळत नाही, तेव्हा जमिनीची किंमत किंवा जमिनीसह विक्रीचा भाव त्यात येता कामा नये. क्षेत्रफळही पडताळा.

सगळ्यात नडते ती घसाऱ्याची गफलत. पॉलिसी नव्याने बांधण्याच्या खर्चावर असेल, तर छेदात नव्या बांधकामाचा खर्च येणं रास्त आहे. पण ती बाजारमूल्यावर असेल, म्हणजे वापराची झीज वजा करणारी असेल, तर ती झीज दोन्हीकडे वजा व्हायला हवी. समजा घसारा 20 टक्के आहे. नुकसान 20 चं 16 लाख होईल, तशी इमारतीची किंमतही 100 ची 80 लाख व्हायला हवी. मग 16 × 60 ÷ 80 म्हणजे पुन्हा 12 च. गंमत म्हणजे दोन्हीकडे एकच दर असला की तो कटून जातो. पण नुकसानावर घसारा लावला आणि छेद 1 कोटीच ठेवला, तर 16 × 60 ÷ 100 म्हणजे 9.6 लाख येतात. पूर्ण 2 लाख 40 हजारांचा फरक, आणि कागदावर कलम ‘नियमाप्रमाणे’ लावलेलं दिसतं.

तुमच्या आकड्यात ही गफलत दिसत नाही. मात्र 12 मधून पॉलिसीतली ठरीव वजावट अजून काढायची असेल, तर हाती त्याहून कमी येईल. काही पॉलिसींमध्ये विमा ठरावीक टक्क्यांपर्यंत कमी पडला तर हे कलम लावत नाहीत. तुमची तूट 40 टक्के आहे, ती अशा सवलतीत बसणं कठीण. पण जमीन चुकून धरली गेली असेल आणि बांधकामाची खरी किंमत 75 लाखच निघाली, तर तूट 20 टक्क्यांवर येते आणि 20 × 60 ÷ 75 म्हणजे 16 लाख होतात. तेव्हा सही करण्याआधी तो 1 कोटी कुठून आला, हे लेखी विचारा.