पॅप नॉर्मल, एचपीव्ही पॉझिटिव्ह: खरे कोणते?

"ताई, माझे वय ४१. रावेरकडे आमची केळीची शेती आहे. तपासणीत पॅप स्मिअर नॉर्मल आला, पण एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह. डॉक्टरीणबाई जळगावला कॉल्पोस्कोपी करायला सांगतात. मला कॅन्सर झाला का? यांच्याविषयीही नको ते मनात येते."

दोन्ही अहवाल खरे आहेत. केळीच्या पानावर करप्याची बुरशी बसते तेव्हा लगेच ठिपके दिसत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पॅप स्मिअर ठिपके शोधतो: गर्भाशयमुखाच्या बाहेरचा आणि आतला थर जिथे मिळतात, तिथून खरवडून घेतलेल्या पेशींचे केंद्रक मोठे किंवा गडद झाले आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही चाचणी विषाणूचा डीएनए, म्हणजे बुरशीच शोधते. म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच घालवते. जो टिकून राहतो, त्यातून काहींमध्ये पेशी बदलत जातात आणि कॅन्सर होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात.

मग कॉल्पोस्कोपी कशाला? नेमकी जागा ब्रशला न लागल्यास पॅपमधून बदल सुटू शकतो, आणि १६ हा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. तो आणि १८ मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरला कारणीभूत असतात. दुसरा एखादा प्रकार असता, तर पॅप नॉर्मल असताना वर्षभराने पुन्हा चाचणी करा, एवढेच सांगितले असते.

तिथे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, लावून मिनिटभर थांबतात आणि भिंगातून पाहतात. बदललेला भाग पांढरा पडतो. मात्र साध्या दाहानेही तो पांढरा दिसू शकतो, म्हणून तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासतात. अहवालात सीआयएन १, म्हणजे पेशींमधला सौम्य बदल, आले तर बहुधा फक्त लक्ष ठेवतात, कारण ते पुष्कळदा आपोआप जाते. सीआयएन २ किंवा ३, म्हणजे जास्त बदल, आले, तरी तो अजून कॅन्सर नव्हे. तेवढा भाग उष्णतेने जाळतात किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढतात, आणि गर्भाशय बहुधा जागच्या जागी राहते. त्यानंतरही पुन्हा तपासणी लागते, ती चुकवू नका.

यांच्याविषयी: हा विषाणू वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो, त्यामुळे तो केव्हा आणि कोणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. अहवाल हातात घेऊन भांडण काढू नका.

वेळ पाळीच्या दिवसांत घेऊ नका, आणि आधीचे दोन दिवस संबंध टाळा. संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरीणबाईंना तेवढे आधी कळवा.