शिक्क्याखाली झाकलेला आकडा कसा वाचायचा?

प्रश्न: सातबाऱ्याच्या स्कॅनमध्ये एका खातेदाराचं क्षेत्र जांभळ्या शिक्क्याखाली गेलंय, अंदाजाने भरू का?

अंदाजाने भरू नका, आधी रंग वेगळे करून बघा आणि मग बेरजेवरून ताळा घ्या. स्कॅन रंगीत असेल तर गिम्पमध्ये `Colors > Components > Decompose` करून निळा चॅनल उघडा, जांभळी शाई त्यात बरीच फिकी पडते आणि काळी छपाई काळीच राहते (स्कॅन ब्लॅक अँड व्हाइट असेल तर हा उपाय विसरा). मी जुने उतारे एक्सेलमध्ये भरतो, तिथे असं रोजच असतं. समजा एकूण २.३५.०० आहे, तिघांचं स्पष्ट दिसतंय ०.५८.००, ०.६१.०० आणि ०.४५.००, चौथ्याचं "०.७" एवढंच दिसतं आणि पुढे नुसता खालचा शेपटा, जो १ चा पण असू शकतो आणि ९ चा पण. तिघांची बेरीज १.६४.००, उरले ०.७१.००, म्हणजे १. तरी शेजारच्या कॉलममध्ये "बेरजेवरून काढला" असं लिहाच, कारण मुळात एकूणच चुकलं असेल तर चूक गुपचूप या आकड्यात येते. उरलेला आकडा दिसणाऱ्या भागाशी जुळत नसेल, समजा ०.६८ आला, तर ओढूनताणून बसवू नका, "०.७?" ठेवा आणि ८अ काढून बघा. दोन खातेदारांचे आकडे झाकले असतील तर बेरजेवरून फक्त दोघांचं मिळून क्षेत्र कळतं, वाटणी नाही, तिथे सरळ "अवाच्य".