मध्यस्थी विश्लेषणाचा निकाल साध्या वाक्यांत कसा लिहावा?

प्रश्न: ताण → झोप → चिडचिड असं माझं मॉडेल आहे. a = -०.५०, b = -०.६०, थेट परिणाम ०.१५, अप्रत्यक्ष ०.३० (९५% विश्वासांतर ०.१२ ते ०.५१). गाईड म्हणतात, "तक्ता न बघता कळलं पाहिजे."

उत्तर: a, b ही अक्षरं वाक्यात आणूच नका. वाट जशी जाते त्याच क्रमाने, मोजमापाच्या एककांत लिहा. झोप तासांत मोजली असेल तर असं:

"ताणाचा गुण एकाने जास्त असलेले लोक सरासरी अर्धा तास कमी झोपत होते. ताण सारखाच असलेल्यांमध्ये, एक तास कमी झोपणाऱ्यांची चिडचिड ०.६० गुणांनी जास्त होती. म्हणजे ताणासोबत वाढणाऱ्या ०.४५ गुणांपैकी ०.३० झोपेच्या वाटेने येतात (०.१२ ते ०.५१), उरलेले ०.१५ थेट."

"ताण सारखाच असलेल्यांमध्ये" हे शब्द बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच अर्थ बिघडतो. कारण b हा ताण स्थिर धरूनच काढलेला असतो.

विश्वासांतरात शून्य नाही, म्हणून ही वाट आहे असं म्हणता येतं. मात्र तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नावलीत मोजल्या असतील, तर "ताणामुळे झोप उडाली" असं कृपया लिहू नका. झोप न झाल्यानेही ताण वाढतो, आणि हा तक्ता त्या दोन्हींत फरक करू शकत नाही.