पिल्लाचा दुधाचा सुळा पडत नाही, काढावा का?

प्रश्न: आमचा पॉमेरेनियन साडेपाच महिन्यांचा आहे. नवा सुळा आलाय, पण जुनाही तसाच आहे. थांबू की काढून घेऊ? (दादर, मुंबई)

उत्तर: थांबू नका, याच आठवड्यात व्हेटला दाखवा. पुढचे दात साधारण चौथ्या महिन्यात बदलतात, सुळे पाचव्या-सहाव्यात. नवा सुळा हिरडीतून वर आला की जुना हलायला हवा. दोन्ही शेजारी घट्ट उभे असतील, तर जुना काढायचा. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत हे फार दिसतं.

खालचा सुळा आधी बघा. तिथे नवा दात जुन्याच्या आतल्या बाजूने येतो आणि जुना हटला नाही तर टाळूत रुततो. तोंड मिटवून ओठ वर करा: खालच्या सुळ्याचं टोक टाळूकडे जात असेल, तर नसबंदीच्या वेळी एकदमच काढू असं म्हणून महिनाभर घालवू नका. वरचा नवा सुळा जुन्याच्या पुढे येतो. तिथे अन्न अडकून हिरडी सुजते.

घरी मात्र ओढू नका. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि नाजूक असतं, ते आत तुटतं. व्हेट पूर्ण भूल देऊन, आधी एक्स-रे बघून काढतात.